पत्ता पुण्याचा, मत बारामतीला

2024 च्या लोकसभा निवडणुकीत पुण्याचे मतदान 13 मे रोजी होते. धायरीत घर घेऊन तिथे नाव नोंदवलेले आमचे एक स्नेही त्या दिवशी सकाळीच सहकुटुंब केंद्रावर पोहोचले, तर शाळेला कुलूप! त्यांचे मतदान 7 मे रोजीच उरकले होते. धायरी खडकवासला विधानसभा मतदारसंघात येते आणि खडकवासला लोकसभेसाठी बारामतीला जोडलेले आहे. घरपट्टी मात्र ते पुणे महापालिकेत भरतात.

पत्त्यावरून मतदारसंघाचा अंदाज बांधू नये तो यासाठी. पिनकोड ही टपालखात्याची सोय. महापालिकेचा प्रभाग तर त्याहून फसवा. पुण्यात 2012 साली प्रभाग दोन सदस्यांचे होते, 2017 साली चार सदस्यांचे झाले आणि हद्दी पुन्हा आखल्या गेल्या. विधानसभेच्या हद्दी मात्र 2008 च्या आदेशाने ठरल्या, त्या 2009 च्या निवडणुकीपासून तशाच आहेत. त्या आदेशात शहरी हद्दी सांगितल्यात त्या तेव्हाच्या वॉर्ड क्रमांकांनी. आजचा प्रभाग क्रमांक घेऊन त्यात शोधणारा हमखास चुकतो.

मग खात्री कशी करायची? त्याच इमारतीत निदान एक निवडणूक पाहिलेल्या शेजाऱ्याला गाठावे आणि त्याच्या संमतीने त्याचा ओळखपत्र क्रमांक electoralsearch.eci.gov.in वर टाकावा. विधानसभेचे नाव, भाग क्रमांक, मतदान केंद्र, सारे समोर येते. पण शेजाऱ्याने आपले नाव जुन्या घरीच ठेवले असेल (असे महाभाग प्रत्येक सोसायटीत निघतात), तर उत्तर त्या जुन्या घराचे मिळेल. मतदान केंद्र भलतीकडचे दिसले की तसे समजावे. म्हणून त्या भागाची यादी उतरवून तिचे पहिले पान पाहावे. त्या भागात कोणत्या गल्ल्या, वस्त्या, सोसायट्या येतात ते तिथे छापलेले असते. तुमची इमारत नवी असेल तर नाव सापडणार नाही. तेव्हा लगतची जुनी गल्ली शोधावी. रस्त्याची एक बाजू एका मतदारसंघात आणि दुसरी दुसऱ्यात, असेही असते. हद्दीवरच घर असेल तर केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या जुन्या ओळखपत्रावर विसंबू नये. त्यावरचा मतदारसंघ जुन्या घराचा असतो, आणि घर बदलल्याने कार्डावरची अक्षरे बदलत नाहीत. घर बदलल्यावर भरायच्या नमुना 8 मध्ये नवे घर त्याच मतदारसंघात आहे की बाहेर, हे विचारलेले असते. कोथरूडहून धायरीला गेलेल्याने ‘बाहेर’ लिहायचे, गाव एकच असले तरी.

आमच्या स्नेह्यांचा अर्ज मुलाने भरला होता. मतदारसंघाचे नाव त्यांनी स्वतः प्रथम वाचले ते 13 मे रोजी, कुलपासमोर उभे राहून, मोबाइलवर.