हॅलो वर्ल्डला नुसतं ‘ओके’ म्हणू नका

रात्रीचे साडेअकरा. मेसचं पिठलं जिरवत होस्टेलच्या गॅलरीत बसलोय, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून मेसेज येतो: `Hello World`. अशा वेळी आपण काय करतो? बहुतेक जण ‘कोण बे?’ विचारतात, काही जण हसरा चेहरा पाठवतात. मी सीनियर असल्याच्या रुबाबात ‘ओके’ पाठवून झोपलो. त्या एका ‘ओके’ने दुसऱ्याचं काय नुकसान झालं, ते सांगायला हा लेख.

मेसेज आमच्याच विंगमधल्या एका ज्युनियरच्या प्रोजेक्टमधून आला होता. पोरगा संगमनेर तालुक्यातला. आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात शेतीपंपाची वीज पाळीने येते हे इथे कुणाला सांगायला नको. पाळी रात्रीची असली की वडील बॅटरी घेऊन विहिरीवर जाणार, आणि उसात बिबट्या. म्हणून याने जीएसएम मोडेम जोडून असं यंत्र केलं की वीज आली, पंप सुरू झाला की वडिलांच्या मोबाईलवर मराठीत मेसेज जावा: ‘मोटर चालू झाली’. त्या मोडेमची पहिली परीक्षा माझ्या फोनवर झाली.

हा हॅलो वर्ल्ड आला कुठून? बेल लॅब्जमधल्या ब्रायन कर्निगन यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बी’ भाषेची ओळख लिहिली, त्यात तो आहे. पुढे त्यांच्या आणि डेनिस रिची यांच्या 1978 च्या सी भाषेच्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. गंमत अशी की ‘बी’मध्ये एका वेळी चारच अक्षरं मावायची, म्हणून ते वाक्य तुकडे करून लिहिलं होतं: `'hell'`, `'o, w'`, `'orld'`. म्हणजे तेव्हा या वाक्यातून त्या साधनाची मर्यादा समोर दिसत होती. आज आपण तेच वाक्य मर्यादा न बघता वापरतो.

आता मोडेमकडे बघू. ज्युनियरच्या स्क्रीनवर हे दिसत होतं:

```
AT+CMGF=1
OK
AT+CMGS="+91XXXXXXXXXX"
> Hello World
+CMGS: 23
OK
```

शेवटचा `OK` बघून आपण उड्या मारतो. पण त्याचा अर्थ एवढाच की मोबाईल नेटवर्कने मेसेज स्वीकारला. तो समोरच्या फोनवर पोचला का, आणि पोचला तर कसा दिसला, हे मोडेमला ठाऊक नाही. पोच मागवायची सोय वेगळी असते, पण तीही फक्त ‘पोचला’ म्हणते, ‘वाचता आला’ म्हणत नाही. वाचता आला का हे सांगणारा एकच, तो म्हणजे पलीकडचा माणूस. तो माणूस मी होतो, आणि मी मोडेमसारखाच ‘ओके’ म्हणालो.

पोराने यंत्र घरी नेऊन बसवलं. रात्री वीज आली, मेसेज गेला. वडिलांना दिसला चिन्हांचा भुसा. कंपनीची जाहिरात समजून त्यांनी तो पुसला आणि बॅटरी घेऊन अंधारात निघाले. काही वाईट घडलं नाही, पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच टळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने तोच मराठी मेसेज मला पाठवला. या वेळी मी ‘काहीतरी गडबड आलीय’ एवढंच कळवलं असतं तरी तो अंधारातच राहिला असता. मी आलं तसंच्या तसं उलट पाठवलं, फोनचं नाव आणि वेळ लिहिली, चिन्हंही मोजली. एकूण 38. सुरुवात अशी:

```
¿¤.¿%Ø¿¤É¿¤0
```

आता हिशेब बघा. ‘मोटर चालू झाली’मध्ये काना-मात्रा वेगळ्या धरल्या तर 12 अक्षरचिन्हं आणि 2 मोकळ्या जागा. संगणकावर यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. बारा त्रिक छत्तीस, अधिक दोन, झाले 38! वरच्या ओळीतही तीन-तीनचे गट आहेत आणि प्रत्येक गट `¿` ने सुरू होतो. पोराने पाच मिनिटांत ओळखलं की मोडेम यूटीएफ-8 चा एकेक बाइट स्वतंत्र अक्षर समजून, वरचा बिट गाळून, 7 बिटांच्या जीएसएम अक्षरमालेत पाठवतोय. `Hello World` मधलं प्रत्येक अक्षर त्या 7 बिटांत बसतं, म्हणून त्या परीक्षेत हा दोष दिसणं शक्यच नव्हतं.

उपाय म्हणजे मोडेमला 16 बिटांच्या अक्षरांवर आणणं:

```
AT+CSCS="UCS2"
AT+CSMP=17,167,0,8
```

दुसऱ्या ओळीतला शेवटचा 8 हा ‘मजकूर 16 बिटांचा आहे’ असं सांगतो. मग ‘मोटर’ हा शब्द `092E094B091F0930` असा द्यायचा. बहुतेक मोडेमना अशा वेळी फोन नंबरही याच पद्धतीने लिहून लागतो. इथे पुष्कळ जण अडकतात. शिवाय एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात, म्हणजे इंग्रजीची 160 अक्षरं, पण मराठीची 70 च. मेसेजमध्ये पुढे व्होल्टेज आणि वेळ घालायची असेल तर तेवढ्या लांबीचाच मेसेज पाठवून बघावा.

कुणी म्हणेल, भुशाऐवजी नुसत्या चौकटी दिसल्या तर? तेव्हाही मोजा. बारा चौकटी दिसल्या तर मेसेज बरोबर आलाय, फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. तिथे मोडेमशी झटापट करून उपयोग नाही, फोन बदलावा लागेल. चिन्हं तिपटीच्या आसपास असतील तर दोष पाठवणाऱ्याकडे. हा फरक ‘मराठी दिसत नाही रे’ एवढ्या उत्तरातून कधीच कळणार नाही.

इंटरनेटवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. जॉन पोस्टेल यांनी 1983 मध्ये ‘इको’ नावाची सेवा लिहून ठेवली. तिचा नियम एकच: जे आलं ते जसंच्या तसं परत पाठवायचं. माझं मत असं की हॅलो वर्ल्डला माणसानेही तसंच उत्तर द्यावं, आणि यंत्राला न कळणारी एक गोष्ट त्यात जोडावी: मला ते वाचता आलं की नाही.

मात्र हे काम मोडेमवर सोपवू नका. आमच्याच लॅबमध्ये दोन गटांनी ‘आलेल्या प्रत्येक मेसेजला उत्तर दे’ असं लिहिलं आणि एकमेकांचे नंबर घातले. रात्रभर दोन्ही मोडेम ‘मिळाला’, ‘मिळाला’ करत बसले आणि सिमचे दिवसाचे 100 एसएमएस संपले. उत्तराला उत्तर द्यायचं नाही हा नियम प्रोग्राममध्ये घालावाच लागतो.

असो. त्या पोराच्या वडिलांच्या फोनवर आता ‘मोटर चालू झाली’ असं स्वच्छ मराठीत येतं. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा आलं तेव्हा त्यांनी फोन करून तो मेसेज पोराला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या ‘ओके’पेक्षा ते उत्तर किती तरी चांगलं होतं.