पैसे आपोआप परत येणार होते, हे मामांना का सांगितलं नाही?

पैसे पाठवायचं ॲप चालवणाऱ्या कंपनीच्या व्यवस्थापकांना,



तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. पत्र वाचून तुमचं तुम्हाला कळेल, आणि तुमच्यासारख्या इतरांनाही.

माझे मामा वसमत तालुक्यात हळद पिकवतात. मोंढ्यात हळद विकून आलेले पैसे खात्यात होते. खताच्या दुकानात त्यांनी १,३५० रुपये भरले. खात्यातून कटले, दुकानदाराला पोचले नाहीत. तुमच्या ॲपवर एवढंच दिसत होतं : प्रक्रिया सुरू आहे. 'मदत'वर दाबलं तर इंग्रजी प्रश्नांची यादी निघाली. बोलायला माणूस नव्हता, फोन नंबरही नव्हता.

मग त्यांनी तुमचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर दहा आकडी मोबाइल नंबर आला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. समोरचा 'बाबूजी' म्हणत गोड हिंदीत बोलत होता. तुमच्याकडून ज्याची अपेक्षा होती ते सगळं त्या चोरानं दिलं.

त्यानं प्ले स्टोअरवरून एक ॲप घ्यायला लावलं. दूर बसून दुसऱ्याचा फोन दुरुस्त करायचं हे ॲप खरंखुरं असतं, म्हणून फोनही त्याला अडवत नाही. त्यावरचा नऊ आकडी कोड मामांनी वाचून दाखवला आणि इंग्रजीतली सूचना न कळल्यानं परवानगीही दिली. आता मामांच्या फोनचा पडदा चोरासमोर उघडा होता. त्याला नुसतं दिसत होतं. बोटं मामांचीच हवी होती. "बॅलन्स बघा," तो म्हणाला. खात्यात ५१,२०० दिसले. लगेच त्यानं 'रिफंड कोड' दिला : ४९८५०. तो कोड टाकायला लावला नेमका रकमेच्या चौकटीत, आणि 'रिफंड पक्का करायला' पिन मारायला लावला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. ही ओळ तुमच्या जाहिरातीत सापडते. पिन मारायच्या पानावर, मोठ्या मराठी अक्षरांत, मामांना दिसली नाही.

आता माझं खरं दुखणं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार, दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट अडकलं तर पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा व्हायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे मामांना कुणालाच फोन करायची गरज नव्हती. आणि घडलंही तसंच. चौथ्या दिवशी ते १,३५० रुपये गुपचूप खात्यात आले. ४९,८५० गेले ते गेलेच.

हे सगळं तुम्हाला नवं आहे, असं म्हणू नका. २०१८मध्ये गूगल मॅप्सवरच्या बँक ऑफ इंडियाच्या नोंदींतले फोन नंबर भामट्यांनी बदलले होते, कारण त्या नोंदी कुणालाही 'सुधारता' येत होत्या. बँकेला महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे जावं लागलं. एनीडेस्क या ॲपवरून होणाऱ्या चोरीबद्दल रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मामांनी १९३० लावला, पण दुसऱ्या दिवशी, मी घरी आल्यावर. तोवर पैसे तीन खात्यांतून फिरून काढले गेले होते. हा नंबर पहिल्या तासात लावला तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता येण्याची आशा असते. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. नियमही त्यांच्या बाजूचा : २०१७च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणानं पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून आधी फोनचा डेटा बंद करायचा, मग बँकेला आणि १९३०ला कळवून तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा, हे मी आता गावात प्रत्येकाला सांगतो. खरं तर हे काम तुमचं होतं.

निष्काळजी मामा की तुम्ही? नंबर दडवून ठेवल्यानं तुमचा खर्च वाचला असेल. त्या रिकाम्या जागेत चोरानं दुकान मांडलं.

माझं मागणं फार नाही. पेमेंट अडकलं की त्याच पानावर मराठीत लिहा : पैसे अमुक तारखेपर्यंत आपोआप येतील, कुणाला फोन करू नका. त्याखाली माणूस उचलेल असा नंबर द्या. पडदा दुसऱ्याला दिसत असेल तेव्हा तुमचं ॲप पैसे पाठवू देणार नाही, अशी सोय करा. काही बँकांच्या ॲपना ते जमतं. आणि तुमच्या नावानं कोणते नंबर फिरताहेत, हे दर आठवड्याला स्वतः शोधून बघा.

या पत्राला उत्तर द्यायचं झालं तर मराठीत द्या, आणि खाली तुमचा फोन नंबर लिहा.

तुमचा एक ग्राहक,
वसमत, जि. हिंगोली