सकाळचा मेल आणि कापसाचा उतारा

पांढुर्ण्याहून सौसरकडे जाताना दिवाळीनंतर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. या भागातल्या एका जिनिंगच्या मालकांना रोज सकाळी कारखान्याच्या आकड्यांचा मेल जायचा. वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली चौदा रकान्यांची पीडीएफ. ते ती उघडतच नसत. मी विचारलं तर म्हणाले, "बाबू, एवढं सारं वाचून मी करू काय, ते सांग ना!"

प्रश्न बरोबर होता. त्यांना सकाळी एवढंच ठरवायचं असतं, की आज कोणाला फोन करायचा की नाही. म्हणून नव्या मेलसाठी आम्ही मुख्य आकडा एकच निवडला, उतारा. शंभर किलो कापसातून किती किलो रुई निघाली, तो उतारा. बाकीची बहुतेक सरकी, थोडा कचरा आणि घट.

हा आकडा काढणं वाटतं तितकं सोपं नाही. काल आवारात आलेला कापूस कालच मशीनवर चढत नाही, गंजीत पडून राहतो. म्हणून रुईला आवकेने भागलं तर उत्तर चुकतं. भागायचं ते जिनिंगला लागलेल्या कापसाने. शिवाय सकाळी हिशेब करताना थोडी रुई प्रेस व्हायची राहिलेली असते, ती आजच्या गाठींत जाते. एका दिवसाचा उतारा त्यामुळे उगाच वरखाली होतो, तीन दिवसांची बेरीज घेतली की शांत होतो. आणि गाठ १७० किलोची धरून गुणाकार करायचा नाही, काट्यावरचं खरं वजन घ्यायचं.

समजा तीन दिवसांत १,२०० क्विंटल कापूस लागला आणि रुई ३९,६०० किलो निघाली. उतारा ३३ टक्के. नेहमीचा ३४. एक टक्क्याने कोणी दचकत नाही. पण तो १,२०० किलो रुईचा फरक आहे आणि खंडी ३५६ किलोची, म्हणजे तीन खंडींहून जास्त. मालक भाव खंडीत बोलतात, म्हणून मेलमध्येही खंडीच लिहायची. तो मेल असा दिसतो:

```
विषय: उतारा ३३, नेहमी ३४. सरकी बघा

तीन दिवसांत १,२०० किलो रुई कमी,
तीन खंडींहून जास्त.
आवक, गाठी, वीज: नेहमीप्रमाणे.
आकडे आज सकाळी ६ पर्यंतचे.
```

मोबाइलवर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात, म्हणून आकडा तिथेच आला पाहिजे. 'दैनिक अहवाल' असा विषय टाकला की जागा वाया गेली. आणि 'सरकी बघा' का? उतारा दोन कारणांनी पडतो. कापूसच ओला किंवा हलका आला असेल, नाहीतर मशीनचे रोलर झिजले किंवा सेटिंग हललं असेल. रोलर नीट ओढत नसले तर सरकीवर रुई चिकटून राहते, मूठभर सरकी हातात घेतली की दिसतं. सरकी स्वच्छ असेल तर फोरमनला सोडा, कापूस घेणाऱ्याला विचारा. कारण मेलने सांगायचं नाही, ते त्याला माहीतच नाही. कुठे बघायचं तेवढं सांगायचं.

'नेहमी' म्हणजे काय, हे ठरवताना बंदचे दिवस सोडून मागचे चौदा दिवस धरले. त्यातल्या सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त उताऱ्याच्या मधे आकडा असला तर विषयात फक्त 'सगळं नेहमीप्रमाणे' येतं. यात एक खोट आहे. हंगाम सरत जातो तसा शेवटच्या वेचणीचा कापूस हलका येतो, उतारा वरखाली होत हळूहळू घसरतो आणि चौदा दिवसांची पट्टीही त्याच्यासोबत खाली सरकते. मेलला काहीच वेगळं वाटत नाही. म्हणून सोमवारच्या मेलमध्ये एक ओळ जास्त असते, हंगामाच्या पहिल्या महिन्याचा उतारा आणि या आठवड्याचा, शेजारी शेजारी.

काट्याचा संगणक रात्री बंद पडला तर आकड्याच्या जागी शून्य जाता कामा नये. शून्य गाठी वाचून माणूस घाबरून फोन करतो, आणि असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा खरी अडचण आली तरी मेल उघडत नाही. तिथे 'काट्याचे आकडे आले नाहीत' असं सरळ लिहायचं. सगळं ठीक असतानाही मेल ठरल्या वेळी गेलाच पाहिजे. नाहीतर मेल आला नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे, की मेल पाठवणारं मशीनच बंद आहे, हे कळणार कसं?

मेल वाचला जातो का, हे तपासायला त्यात न दिसणारं चित्र घालतात, ते उघडलं की नोंद होते. पण आता काही मेल अ‍ॅप अशी चित्रं स्वतःच आधी उतरवून ठेवतात, त्यामुळे त्या नोंदीवर माझा विश्वास नाही. मी फोरमनलाच विचारतो, उतारा पडला त्या सकाळी मालकांचा फोन किती वाजता आला होता.