रेंज गेली, पण फक्त आपलीच?

डिसेंबर 2018 मध्ये माहीमच्या एका व्यावसायिकाला मध्यरात्रीच्या सुमारास सहा मिस्ड कॉल आले. सकाळी पाहतात तर सिम बंद पडलेले. कंपनीकडे चौकशी केली तेव्हा कळले, की रात्री त्यांच्याच नावाने सिम बदलण्याची विनंती झाली होती. बँकेत पोहोचेपर्यंत खात्यातून 1 कोटी 86 लाख रुपये गेले होते. 28 व्यवहारांत, वेगवेगळ्या खात्यांवर.

रेंज जाण्याचा आणि पैसे जाण्याचा संबंध समजून घ्यायला हवा. आपला नंबर सिममध्ये राहत नाही. कोणता नंबर कोणत्या सिमला जोडलेला आहे, याची नोंद कंपनीच्या यंत्रणेत असते. भामटा बनावट कागदपत्रे दाखवून किंवा आपल्याकडूनच फसवून माहिती घेऊन नवे सिम मिळवतो. ते सुरू होताच ती नोंद बदलते आणि आपल्या हातातले सिम त्याच क्षणी निकामी होते. त्यानंतरचे बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर जातात. पासवर्ड त्याने बहुधा आधीच मिळवलेला असतो. म्हणूनच हे काम अनेकदा रात्री होते, कारण झोपलेल्या माणसाला रेंज गेल्याचे कळत नाही.

रेंज जाण्याची साधी कारणेही पुष्कळ असतात. टॉवर बंद पडतो, सिम खराब होते. फरक ओळखायचा कसा? फोन एकदा बंद करून सुरू करावा. शेजारी त्याच कंपनीचा दुसरा फोन चालत असेल, तर दोष टॉवरचा नाही. मग त्या फोनवरून आपलाच नंबर लावून पाहावा. आपला फोन गप्प आणि तिकडे रिंग वाजत असेल, तर नंबर दुसऱ्याच्या हाती गेल्याची शंका बळावते. रिंग नाही वाजली, तरी निर्धास्त होऊ नये. भामट्याने फोन बंद ठेवलेला असू शकतो. सिम बदलाचा आपण न मागितलेला एसएमएस आधी आला असेल, तर तपासण्यांत वेळ घालवूच नये.

दुसऱ्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करावे, बँकेला खाते गोठवायला सांगावे आणि 1930 वर तक्रार नोंदवावी. नवे सिम सुरू झाल्यावर 24 तास एसएमएस रोखण्याचे निर्देश दूरसंचार विभागाने दिले आहेत. त्यामुळे थोडी उसंत मिळते. मात्र कॉलवरून येणाऱ्या ओटीपीला हा अडसर नाही.

सगळा भार ग्राहकावर टाकून मात्र चालणार नाही. सिम बदलाची सूचना कंपन्या त्याच नंबरवर पाठवतात, आणि नंबर हातचा गेल्यावर ती वाचणार कोण? ती ईमेलवर आणि घरच्या दुसऱ्या नंबरवरही जावी. सिम नुकतेच बदललेले असेल, तर मोठी रक्कम सोडण्यापूर्वी बँकेने थांबावे. माहीमच्या त्या रात्री एवढे झाले असते, तरी पुढचे व्यवहार अडले असते.