हमी नको, हिशेब द्या

जेईईचे निकाल लागले की भिलाईत सिव्हिक सेंटरपासून सुपेल्यापर्यंत नवे फलक चढतात. हसरे चेहरे, त्याखाली क्रमांक, त्याखाली उद्गारचिन्हांची रांग. त्यांतले काही मजकूर मी लिहिले आहेत, म्हणून हे भांडण आधी स्वतःशी आहे.

एका शिकवणीवर्गाच्या मालकांनी मला मजकूर दिला : ‘छत्तीसगडमध्ये नंबर एक! निवडीची 100 टक्के हमी! आमचे 42 विद्यार्थी आयआयटीत!’ (ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत.) मी म्हणालो, “सर, या बेचाळिसांची हजेरी दाखवा.” नोंदवहीतून कळलं, की 31 जणांनी शेवटच्या महिन्यात फक्त सराव परीक्षा दिल्या होत्या. दोन वर्षं वर्गात बसलेले 11. आणि त्या दोन वर्षांच्या तुकडीत मुलं होती 160.

बेचाळीस हा आकडा खोटा नव्हता. खोटा होता तो ‘आमचे’ हा शब्द. जाहिरातीतली लबाडी बहुतेक वेळा अशाच निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांत दडते. म्हणून मजकूर दुरुस्त करताना विशेषणांवर तुटून पडण्याआधी मी तीन प्रश्न विचारतो : हे यश कितीजणांपैकी? त्यांनी आपल्याकडे नेमकं काय घेतलं? आणि त्यात आपण स्वतः काय केलं?

‘हमी’ची गोष्ट तर अधिकच सरळ आहे. हमी देणाऱ्याने काम फसलं की भरपाई करायची असते. मुलगा नापास झाला तर फी परत करणार का, असं विचारताच सर हसले. मग तो शब्द गेलाच पाहिजे.

इथे मालक जे म्हणाले, तेच सगळे म्हणतात : “मग उरलं काय? समोरचा बेचाळीस छापणार, मी अकरा छापू? ही जाहिरात आहे की न्यायालयातलं प्रतिज्ञापत्र?” त्यांची भीती खोटी नाही. प्रामाणिकपणाच्या नावाखाली नुसती काटछाट केली तर मजकूर सरकारी सूचनेसारखा निर्जीव होतो, आणि तो वाचायला कोणी थांबत नाही. पण उत्साह विशेषणांत असतो, हा गैरसमज आहे. तो कामाच्या तपशिलात असतो. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी तीन संध्याकाळी त्यांच्या वर्गात बसलो. प्रत्येक सराव परीक्षेची उत्तरपत्रिका तिसऱ्या दिवशी चुकांवर खुणा करून परत मिळत होती. शंका विचारायला रात्री नऊपर्यंत एक शिक्षक थांबत होता. हे त्यांना सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं!

मी लिहिलं : ‘दोन वर्षांच्या तुकडीत 160 मुलं होती. 11 आयआयटीत गेली. आणखी 31 जणांनी शेवटच्या महिन्यात आमच्या सराव परीक्षा दिल्या. त्यांच्या यशात त्यांच्या आधीच्या शिक्षकांचाही वाटा आहे. तुमची प्रत्येक उत्तरपत्रिका तिसऱ्या दिवशी, चुकांसकट, तुमच्या हातात. रात्री नऊपर्यंत शंका घेऊन या. आम्ही वाट पाहतो!’

शेवटचं उद्गारचिन्ह मी मुद्दाम ठेवलं. त्यामागे रोज नऊपर्यंत थांबणारा माणूस आहे. तो नसता, तर कुठल्याही लेखकाला हा मजकूर वाचवता आला नसता. या पद्धतीची मर्यादा तीच : आत काम नसेल, तर प्रामाणिक मजकुराला बोलायला काही उरत नाही.

पत्रकावर हे छापलं गेलं. फलकावर मात्र बेचाळीसच राहिले. स्कूटरवरून जाणारा माणूस एकच ओळ वाचतो, असं मालकांचं म्हणणं. माझी ओळ तयार होती : ‘160 पैकी 11. उरलेल्यांबद्दलही विचारा.’ ती त्यांना पेलली नाही. मीही फलकाचे पैसे घेतले, हे इथे लपवणं योग्य नाही.

नोव्हेंबर 2024मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने शिकवणीवर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीच्या खोट्या हमीला मनाई, यशस्वी विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला ते सांगायचं, आणि खुलासा दाव्याच्याच आकाराच्या अक्षरांत छापायचा. मला यातला शेवटचा नियम सर्वांत मोलाचा वाटतो. मोठ्या अक्षरांत फुगवायचं आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत सावरायचं, ही आमची जुनी पळवाट तो बंद करतो. पण नियम खोटं थांबवतो. खरं रंजक करणं लेखकाचंच काम आहे.

त्यासाठी भिलाईकराला लांब जायला नको. आमचा पोलाद कारखाना ज्या ‘सेल’चा, तिची जुनी जाहिरात सांगायची, की प्रत्येकाच्या आयुष्यात थोडंसं ‘सेल’ असतं. इथून निघालेल्या रुळांवरून देश धावतो, तरी लिहिणाऱ्याने ‘थोडंसं’ म्हटलं. तो शब्द काढा आणि ‘संपूर्ण’ घाला. वाक्य लगेच खोटं होतं, आणि कंटाळवाणंही.