औषधालयातील घंटा भलत्याच वेळी वाजते

रुग्णालयांना औषधालयाचे सॉफ्टवेअर विकताना ‘इतक्या हजार आंतरक्रिया ओळखते’ अशी जाहिरात केली जाते आणि खरेदी समित्या त्या आकड्यावर भाळतात. वस्तुतः तो आकडा सुरक्षिततेचा नव्हे, गोंगाटाचा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की, निरनिराळ्या अभ्यासांत संगणकाचे ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टरांनी बाजूला सारले होते. त्यांना निष्काळजी म्हणणे सोपे आहे. पण रॅमिप्रिल आणि फ्युरोसेमाइड एकत्र दिल्यास रक्तदाब उतरेल, हे हृदयविकाराच्या डॉक्टरला दरमहा सांगण्यात काय अर्थ आहे? ती जोडी त्याने जाणूनबुजूनच दिलेली असते.

आता हृदयात कृत्रिम झडप बसवलेला, रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणारा रुग्ण पाहा. त्याला क्षयरोग होतो आणि रिफॅम्पिसिन सुरू होते. हे औषध यकृतातील विकरांचे प्रमाण वाढवते, वॉरफरिन झपाट्याने विघटित होते आणि आयएनआर घसरतो. संगणक इशारा देतो, आणि तो रास्तच आहे. डॉक्टर आयएनआर तपासत वॉरफरिन ५ मिलिग्रॅमवरून १५ वर नेतात.

सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपतो. वाढलेली विकरे साधारण दोन आठवड्यांत ओसरतात, पण १५ मिलिग्रॅमची गोळी चालूच राहते. आयएनआर चढू लागतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका निर्माण होतो. या वेळी संगणक मात्र मूक असतो, कारण त्याच्या लेखी जोडीतले एक औषध गेले म्हणजे आंतरक्रियाही संपली. भारतात तर अडचण दुहेरी आहे. क्षयाची औषधे बहुधा सरकारी कार्यक्रमातून मिळतात. खासगी औषधालयाच्या नोंदीत रिफॅम्पिसिन कधी आलेलेच नसते.

म्हणून इशाऱ्याची कसोटी एकच असावी: त्यामुळे आज कुणाची कृती बदलणार आहे काय? मात्रा, तपासणी वा औषध यांपैकी काहीच बदलणार नसेल, तर पडदा अडवण्याचे कारण नाही. २०१३ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी, काम न थांबवता नुसते दाखवावेत अशा ३३ जोड्यांची यादी केली होती. ती यादी जशीच्या तशी इथे उचलणे शहाणपणाचे नव्हे. आपल्याकडील क्षयाचे प्रमाण तिच्या कर्त्यांपुढे नव्हते.

कायदेशीर ठपक्याच्या भीतीने कंपन्या एकही इशारा गाळत नाहीत. वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर काय बेतते, हा त्यांचा प्रश्न नसतो. रुग्णालयांनी तरी आपल्या नोंदी उघडाव्यात. जो इशारा वर्षभर जवळजवळ प्रत्येक वेळी बंद केला गेला, त्यामागील कारणे औषधनिर्मात्याने व डॉक्टरांनी एकत्र बसून तपासावीत. आणि खरेदीच्या अटींत एक ओळ वाढवावी: रिफॅम्पिसिन बंद होताच वॉरफरिनची आठवण करून देणार काय?