आकृतीखाली एक ओळ : लोणेऱ्याच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, लोणेरे, जि. रायगड



रायगडच्या किनारपट्टीवर मी प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून जातो. एका महाविद्यालयात चार मुलांनी कोळंबीच्या तळ्यासाठी यंत्रणा केली होती. पहाटे पाण्यातला प्राणवायू उतरला की एरेटर आपोआप सुरू व्हायचा. यंत्रणा चालत होती. अहवालातल्या सर्किटवर मात्र वीजपुरवठा लिहिला होता १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या घरातल्या सॉकेटात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतात, म्हणजे आकृती कुठून आली ते विचारायची गरजच नव्हती.

पुढे पाहिलं तर आकृतीत ट्रान्झिस्टर २एन३९०४ आणि बोर्डावर बीसी५४७. दोन्ही एनपीएन, दोन्ही दिसायला सारखे, पण पाय उलटे. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. मी विचारलं तेव्हा एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आधी आकृतीसारखाच लावला होता, रिले ओढेना. दोन दिवसांनी कळलं, मग फिरवला." बेसचा रेझिस्टरही त्यांनी बदलला होता, आकृतीत १० किलोओहम आणि बोर्डावर १.

हिशेब साधा आहे. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ती ३० मिलिअँपिअर ओढते. ट्रान्झिस्टर स्विचसारखा पुरता उघडायचा तर ढोबळ नियमाने त्याचा दहावा हिस्सा, ३ मिलिअँपिअर, बेसला द्यावा. ५ व्होल्टच्या पिनेतून बेसचे ०.७ व्होल्ट वजा केले की उरतात ४.३. १० किलोओहममधून मग ०.४३ मिलिअँपिअरच जातो, १ किलोओहममधून ४.३. मुलांचा निर्णय बरोबर होता. पण अहवालात त्याचा मागमूस नाही! उचललेल्या आकृतीने मूळ आखणाऱ्याचं नाव तर गाळलंच, शिवाय मुलांनी स्वतः केलेलं कामही झाकून टाकलं. मला दुसऱ्या गोष्टीचा जास्त राग आला.

मेकॅनिकलच्या अहवालांतही हेच दिसतं. आपण फर्स्ट अँगल प्रोजेक्शन शिकवतो. उचललेलं ड्रॉइंग थर्ड अँगलचं असतं आणि वरचं दृश्य जिथे नको तिथे बसलेलं असतं.

साम्य तपासणारं सॉफ्टवेअर प्रामुख्याने मजकूर वाचतं, चिकटवलेलं चित्र त्याच्या नजरेतून निसटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांनी तर प्रकल्प अहवाल व्याख्येतूनच वगळले आहेत. उलट १९५७ चा कॉपीराइट कायदा आकृती आणि आराखड्यालाही कलाकृतीच मानतो. या कायद्याने सर्किटची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, ती रेखाटलेली आकृती असते. म्हणून उसनं काय आणि स्वतःचं काय, ही रेघ विद्यापीठालाच ओढावी लागेल.

"पुन्हा काढा" एवढं सांगून भागत नाही. मुलं मूळ चित्र खाली ठेवून वरून गिरवतात, चुकांसकट. मी सांगतो ते असं : वेबसाइट बंद करा, बोर्ड हातात घ्या, मल्टिमीटर बीपवर लावा, एकेक पाय कुठे जोडलाय ते शोधा आणि कीकॅडमध्ये तेच उतरवा. मग त्यातली इलेक्ट्रिकल रूल्स चेक चालवा. लटकलेली पिन ती दाखवते. रिलेवरचा डायोड उलटा काढला असेल तर मात्र ती गप्प बसते. ते डोळ्यांनीच पाहावं लागतं, पट्टी पुरवठ्याच्या धन बाजूला हवी.

अशा रीतीने काढलेल्या आकृतीलाही श्रेय द्यावंच लागतं, कारण मांडणी दुसऱ्याची असते. आकृतीखाली एक ओळ पुरते : "आकृती ३.२ : रिले चालक. मूळ : अमुक कंपनीचं माहितीपत्रक, पान इतके. बदल : ट्रान्झिस्टर बीसी५४७, बेस रेझिस्टर १ किलोओहम." बदल काही नसेल आणि चित्र जसंच्या तसं घेतलं असेल, तर तसं लिहावं. आर्डुइनोच्या अनेक बोर्डांचे आराखडे खुल्या परवान्याखाली मिळतात, पण तिथेही नाव देण्याची अट आहेच.

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या प्रकल्प-नियमावलीत दोन अटी घालाव्यात. प्रत्येक आकृतीखाली मूळ आणि बदल यांची ओळ असावी, आणि मुख्य सर्किटची मूळ फाइल अहवालासोबत जमा व्हावी. तोंडी परीक्षेला आम्ही बोर्ड आणि ती फाइल शेजारी ठेवून पाहू. त्या मुलीने ट्रान्झिस्टर फिरवायला घालवलेल्या दोन दिवसांचे गुण मला तेव्हा देता आले नाहीत, कारण अहवालात ते कुठेच लिहिलेले नव्हते.

आपला,
एक बहिःस्थ परीक्षक